उलटा बोर्ड

सूनबाईंनी मोबाइल पारासमोरच्या कठड्यावर टेकवला, मागे विटेचा तुकडा लावला आणि सांगितलं, "अण्णा, एका मिनिटात बसवायचंय. त्याच्यापुढे लोक बघत नाहीत."

"एका मिनिटात प्रदक्षिणा?" अण्णा म्हणाले. "माझी चप्पल काढायलाच तेवढा वेळ लागतो."

देवळाच्या मंडळानं हे काम सूनबाईंच्या गळ्यात घातलं होतं, आणि त्यांनी ते सासऱ्यांच्या. आसपास नव्या इमारती झाल्या होत्या आणि देवळात नवी माणसं येऊ लागली होती. ती श्रद्धेनं येत, पण गाभाऱ्याभोवती कुणी इकडून फिरे, कुणी तिकडून, तर कुणी अर्ध्यातून मागे वळून फोटो काढे. पुजारी सांगून सांगून थकले. शेवटी ठरलं की एक छोटा व्हिडिओ करायचा: प्रदक्षिणा कुठल्या बाजूनं, किती आणि कशासाठी. बोलणारा माणूस वयस्कर हवा, म्हणजे ऐकणाऱ्याला पटतं. अण्णा वयस्कर होते आणि घरात रिकामे होते.

पण त्यांची एक अट होती. "मी त्या मागच्या काळ्या ठिपक्याशी बोलणार नाही. मला समोर माणूस दिसला पाहिजे."

"माणूस कुठून आणू? मी मोबाइल सांभाळू की तुमच्यासमोर उभी राहू?"

"मग मीच मला दिसू दे."

म्हणून सूनबाईंनी पुढचा कॅमेरा लावला. अण्णांना पडद्यात स्वतःचा चेहरा दिसला. त्यांनी केसांवरून हात फिरवला, सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि बोलायला लागले.

बोलले मात्र झकास. पिंपळाकडे हात करून म्हणाले, "प्रदक्षिणा म्हणजे देव आपल्या उजव्या हाताला ठेवून फिरणं. दक्षिण म्हणजे उजवा. मानाच्या माणसाला आपण उजवीकडे बसवतो, तसंच हे. आता गंमत अशी, की देव उजव्या हाताला ठेवायचा तर देवासमोरून निघताना पाय डावीकडे वळवावा लागतो. घड्याळाचे काटे फिरतात तसं. इथंच पुष्कळ लोक चुकतात. उजवीकडून म्हटलं की उजवीकडे चालू लागतात." एवढं बोलून ते पिंपळाकडे तोंड करून स्वतः डावीकडे वळले आणि पाराला सावकाश फेरी घालून पुन्हा कॅमेऱ्यासमोर आले.

मग किती ते सांगितलं. गणपतीला एक, कुणी तीन घालतात. देवीला एक. विष्णूला चार. सूर्याला सात, काही घरांत दोन. पिंपळाला सात, आणि नवस असेल तर एकशे आठ. "आकडे घराघरांत वेगळे असतात, त्यावरून भांडू नये. तुमच्या घरी आजी जे करत होती ते करावं." शंकराच्या छोट्या देवळात जाऊन त्यांनी अर्धी प्रदक्षिणा करून दाखवली. पिंडीवरचं पाणी ज्या पन्हाळीतून बाहेर पडतं ती ओलांडायची नाही. डावीकडून निघून पन्हाळीच्या अलीकडच्या कडेपर्यंत जायचं, तिथून मागे वळायचं, आणि आल्या वाटेनं परत येऊन पन्हाळीच्या दुसऱ्या कडेला थांबायचं. "देवाच्या अंगावरून आलेलं पाणी आहे ते. त्याच्यावरून पाय टाकून कसं जायचं?"

आणि अर्थ? पिंपळाच्या मुळाशी ब्रह्मा, खोडात विष्णू आणि शेंड्याला शंकर, असं त्यांची आई सांगायची. लहानपणी तिचं बोट धरून ते अशाच एका झाडाभोवती फिरायचे. आई अंगठ्यानं बोटांची पेरं मोजायची, आणि आपण मधेच काही विचारलं तर तिचा आकडा चुकेल म्हणून ते ओठ मिटून चालायचे. एकदा त्यांनी विचारलंच होतं, की आपण एवढं चालतो पण पोचत कुठंच नाही, मग चालायचं कशाला? आई म्हणाली होती, "मधे देव असला म्हणजे कुठूनही सारखंच अंतर. पुढचाही जवळ नाही आणि मागचाही लांब नाही. म्हणून गोल."

हे त्यांनी कॅमेऱ्यापुढे जसंच्या तसं सांगितलं. सूनबाईंनी डोळ्यांत काहीतरी गेल्यासारखं केलं आणि म्हणाल्या, "अण्णा, चार मिनिटं झाली."

व्हिडिओ त्यांनी ऑफिसला जाताना बसमध्ये कापला. वर शीर्षक घातलं, मागे तानपुरा लावला, आणि संध्याकाळी मोबाइल सासऱ्यांच्या हातात दिला. "एकदा नजर घाला. तुम्ही पास केलं की टाकते."

यात सूनबाईंचं काही चुकलं नव्हतं. अण्णांनी आयुष्यभर छापखान्यात खिळे जुळवले होते. शिशाचा एकेक अक्षराचा खिळा उचलून ओळ लावायची, ओळींचं पान बांधायचं आणि वाचून बघायचं. गावातल्या लग्नपत्रिका, शाळेचे निकाल, दुकानांची पत्रकं त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय यंत्रावर चढत नसत. अण्णांनी पास केलेल्या मजकुरात चूक निघाली, असं कुणाला आठवत नव्हतं. निदान अण्णांना तरी आठवत नव्हतं.

त्यांनी चष्मा पुसला आणि व्हिडिओ पाहिला. पुन्हा पाहिला. अंगठा आणि बोट लावून चित्र मोठं केलं. पिंपळामागे देवळाचा जुना बोर्ड दिसत होता. त्यावरचं "जीर्णोद्धार" त्यांनी खास तपासलं.

"रफार बरोबर जागी आहे. वेलांटी ठीक," ते म्हणाले. "टाक."

शेजारी बसून भाजी निवडणाऱ्या माईंनी, म्हणजे अण्णांच्या पत्नीनं, मान वर करून विचारलं, "तुमचं घड्याळ उजव्या हातात कधीपासून?"

"तुला तिकडून तसं दिसतंय," अण्णा म्हणाले, आणि विषय तिथंच संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा नेहमीच्या वेळेला देवळात गेले. त्यांना इथं यायला देव हे एक कारण होतं. दुसरं कारण त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. छापखान्यात यंत्र चालवणारा त्यांचा जोडीदारही याच वेळेला यायचा. त्याचे हात कायम काळे असायचे म्हणून सगळे त्याला शाई म्हणत, आणि तो अण्णांना खिळ्या. दोघांनी एकाच डब्यात जेवून उमेदीची सगळी वर्षं काढली होती. एकानं जुळवायचं, दुसऱ्यानं छापायचं. मग संगणक आला, मालकांनी छापखान्याला कुलूप लावलं, आणि शाईनं समोरच्याच रस्त्यावरच्या नव्या डिजिटल दुकानात नोकरी धरली. अण्णा त्याला भर रस्त्यात "फितूर" म्हणाले. तेव्हापासून दोघं बोलले नव्हते.

पण देवळात दोघंही येत. अण्णा गाभाऱ्यासमोरून फेरी सुरू करत तेव्हा शाई मागच्या भिंतीशी असायचा. दोघांची चाल सारखी, दिशा एकच, त्यामुळे गाठ पडण्याचा प्रश्नच नव्हता. कोपऱ्यावर वळताना एकाला दुसऱ्याची पाठ तेवढी दिसायची. शाई थोडा वाकलाय, केस पांढरे झालेत, हे अण्णांना त्या पाठीवरूनच कळलं होतं. एकदा ती पाठ चार दिवस दिसली नव्हती. अण्णांनी तेव्हा पुजाऱ्यांना सहज विचारल्यासारखं करून विचारलं होतं.

त्या दिवशी मात्र देवळात वेगळीच कळा होती. सभामंडपात गर्दी होती आणि निम्मी माणसं उलटी फिरत होती. चुकून नव्हे, ठरवून. एक तरुण बँकवाला हात जोडून, डोळे अर्धवट मिटून, अगदी मन लावून देवाला डावीकडे ठेवून चालला होता. अण्णांनी त्याला थांबवलं.

"अहो, उलटं चाललाय तुम्ही."

त्यानं डोळे उघडले आणि त्याचा चेहरा फुलला. "काका, तुम्हीच ना ते? तुमचं बघूनच करतोय."

"मी असं कुठं सांगितलं?"

"सांगितलं ते ऐकलं नाही. रात्री ऑनलाइन मीटिंगमध्ये होतो, आवाज बंद करून बघितला." त्यानं मोबाइल काढून दाखवला. पडद्यावर अण्णा पिंपळासमोरून निघाले आणि शांतपणे उजवीकडे चालते झाले.

अण्णा बघत राहिले. आपण डावीकडे वळलो होतो. नक्की डावीकडेच. पण डोळ्यांसमोर तर उजवीकडे वळलेले दिसत होतो, आणि हा मजकूर आपणच दोनदा वाचून पास केलेला.

तेवढ्यात एका ताईंनी त्यांना गाठलं. "अण्णा, तुम्ही बोलता डावीकडे आणि जाता उजवीकडे. आमच्या घरात दोन तट पडलेत. मी ऐकून करते, हे बघून करतात."

देवळातही तेच झालं होतं. एका बाजूला आवाजवाले आणि दुसऱ्या बाजूला बिनआवाजवाले. शंकराच्या देवळात तर आणखी गोंधळ होता. बघून करणारे उजवीकडे निघत, चार पावलांत पन्हाळ आडवी येई, आणि ते म्हणत, "एवढीशीच असते होय?"

खांबाला टेकून बसलेल्या एका आजींनी अण्णांना जवळ बोलावलं. त्या हळूच म्हणाल्या, "अरे, उलटी फेरी ही गेलेल्या माणसांच्या कार्यात असते. तू सगळ्या जिवंत माणसांना कशाला फिरवतोयस तशी?"

क्षणभर अण्णांना वाटलं, आपण आयुष्यभरच तर चुकत नव्हतो? आई कुठल्या हाताचं बोट धरायला द्यायची? त्यांना आठवेना. बोट आठवलं, बोटावरचा भाजल्याचा डाग आठवला, हात कुठला ते आठवेना. पाय एक सांगत होते आणि पास केलेला व्हिडिओ दुसरं. अण्णांची सगळी हयात छापण्यापूर्वीच्या शेवटच्या नजरेवर गेली होती. त्यांनी पायांपेक्षा त्या नजरेवर भरवसा ठेवला. हात जोडले आणि व्हिडिओत दिसत होते तसे, उजवीकडे चालू लागले. त्यांना जाताना बघून बिनआवाजवाल्यांना हुरूप आला. दहा-बाराजण त्यांच्या मागून निघाले.

गाभाऱ्याच्या मागची वाट अरुंद होती. एका वेळी एकच माणूस जाईल एवढी, आणि त्यातही पोट आत घेऊन. तिथं अण्णांची रांग पोचली आणि समोरून आवाजवाल्यांची रांग आली. दोन्ही रांगा थांबल्या. मागच्यांनी पुढच्यांना ढकललं. पुढच्यांनी मागच्यांना ढकललं.

"जरा मागे सरका," समोरून कुणीतरी म्हणालं.

"मागे कसं सरकणार? मागे गेलो तर उलटी होईल."

"तुमची उलटीच आहे."

"आमच्यापुढे अण्णा आहेत."

"शंकराची समजून वळा की. शंकराला वळतात ना परत."

"हा शंकर नाही, हा विष्णू आहे."

पुजारी पलीकडून ओरडून काहीतरी सांगत होते, पण दोन्ही रांगा एकमेकांना समजावण्यात गुंतल्या होत्या. अण्णांनी मान वर केली तेव्हा त्यांच्या नाकासमोर वीतभर अंतरावर शाईचा चेहरा होता.

इतक्या वर्षांनी तो चेहरा असा सामोरा आला, की अण्णांना आधी ओळखच पटेना. पाठ पाठ होती, चेहरा नवीन होता. पुढचा एक दात गेला होता. भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. दोघांनाही कुठं जागा नव्हती. पुढे जाता येत नव्हतं, मागे जाता येत नव्हतं, आणि इतक्या जवळून न बघितल्यासारखं करता येत नव्हतं.

शेवटी शाईच बोलला. "व्हिडिओ बघितला तुझा."

"हं."

"तूच वाचून पास केलास ना?"

"मीच."

"मागचा बोर्ड वाचलास?"

"वाचला. शुद्धलेखन बरोबर आहे."

"शुद्धलेखन बरोबर आहे," शाई म्हणाला. "बोर्ड उलटा आहे."

"उलटा?" अण्णांनी विचारलं.

"आरशातल्यासारखा," शाई म्हणाला. "पुढच्या कॅमेऱ्यानं सगळं चित्रच तसं उतरवलंय. खिसा उजवीकडे गेलाय, घड्याळ उजवीकडे गेलंय, तू उजवीकडे गेलायस. शाळेतल्या पोरानं बघितलं असतं तरी बोर्ड वाचता आला नसता त्याला. तुला आला."

आणि अण्णांना एकदम सगळं लख्ख दिसलं. जुळवलेले खिळे उलटेच असतात. आरशातल्यासारखी अक्षरं, तशाच ओळी. तीच वाचत सकाळची संध्याकाळ व्हायची. उलटा मजकूर त्यांच्या डोळ्यांना सुलट्याइतकाच सरळ वाटायचा. इतका, की व्हिडिओतला बोर्ड त्यांनी उलटा वाचला आणि उलटा आहे हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

"उलटं जुळवायचं काम तुझं," शाई म्हणाला. "मी दाब दिला की कागदावर सुलटं व्हायचं. हे तू दाब न देताच बाहेर सोडलंस."

अण्णांना हसू यायला लागलं. आधी नुसते खांदे हलले. मग शाईचेही हलले. त्या अरुंद वाटेत दोन म्हातारे एकमेकांना चिकटून आवाज न करता हसत होते आणि मागच्यांना वाटलं, कुणाला तरी गुदमरतंय.

"आणि आणखी एक," शाई डोळे पुसत म्हणाला. "तुझा हा सदरा मागून खांद्यावर उसवलाय. दोन वर्षं बघतोय. सांगणार कसं?"

अण्णांनी खांदा चाचपला. मग म्हणाले, "नव्या दुकानात यंत्र कसं होतं?"

"कसलं यंत्र. बटण होतं एक. नुसता बसून असायचो." शाई म्हणाला. "पोरीची फी भरायची होती रे."

"ते मला कळलं होतं," अण्णा म्हणाले. "नंतर."

मागून बँकवाला म्हणाला, "काका, पुढे काय झालंय?"

"पुढे काही नाही," अण्णा मोठ्यानं म्हणाले. "आपणच उलटे आहोत. सगळ्यांनी जागच्या जागी मागे फिरा."

मागे फिरल्यावर अख्खी बिनआवाजवाल्यांची रांग एका दमात सुलटी झाली. शेपटाचं तोंड झालं आणि अण्णा सगळ्यांच्या शेवटी आले. त्यांच्यामागे लगेच शाई. दोन रांगांची एक रांग झाली आणि सावकाश गाभाऱ्याला वळसा घालून पुढे सरकली.

बाहेर आल्यावर हिशेबाचं नवीन भांडण निघालं. बँकवाल्याच्या दोन उलट्या झाल्या होत्या. त्या वजा करायच्या, की सोडून द्यायच्या? वजा केल्या तर चाराच्या सहा घालाव्या लागतील, आणि त्याला ऑफिस होतं. पुजारी घाम पुसत म्हणाले, "देव काय तुमच्या बँकेत आहे का? चार सुलट्या घाला, बाकी विसरा."

घरी सूनबाईंनी एक बटण दाबलं आणि व्हिडिओ सरळ झाला. एवढ्या गोंधळाला एक बटण पुरलं, याचं अण्णांना थोडं वाईट वाटलं. सूनबाईंनी जुना काढून नवा टाकला, खाली दिलगिरी लिहिली, आणि मंडळाच्या अध्यक्षांना फोन करून सगळा दोष स्वतःकडे घेतला. अण्णांनी फोन मागून घेतला आणि म्हणाले, "तिचं काही नाही. मजकूर मी पास केला होता." माईंनी सुईदोरा काढला आणि काही न विचारता सदरा मागितला.

सुलटा व्हिडिओ चांगला चालला. आठवड्याभरात देवळातली माणसं शिस्तीत डावीकडे वळू लागली. पन्हाळ कुणी ओलांडेना. पिंपळाला सात घालताना लोक पेरं मोजू लागले.

एकच नवीन तक्रार आली. दोन वयस्कर गृहस्थ रोज सकाळी गाभाऱ्याभोवती जोडीनं फिरतात. वाट अरुंद असल्यामुळे एकजण अर्धा मागे वळून बोलतो, मग दुसरा थांबून उत्तर देतो, आणि मागची सगळी रांग अडते. बोलण्याचा विषय बहुतेक जुन्या लग्नपत्रिका. अध्यक्षांनी सूनबाईंना सुचवलं, की प्रदक्षिणेत पाळायच्या मौनावर एक छोटासा व्हिडिओ करावा. नाव कुणाचं घेऊ नये.

सूनबाईंनी केला. मनात देवाचं नाव, जुळलेले हात, डोक्यावर भरलेली घागर असल्यासारखी सावकाश चाल, आणि तोंडानं एक शब्द नाही. कसं करू नये हे दाखवायला दोन माणसांच्या पाठी दिसत होत्या, चेहरे नाहीत. संध्याकाळी त्यांनी मोबाइल नेहमीप्रमाणे सासऱ्यांपुढे धरला.

अण्णांनी चष्मा पुसून अगदी बारकाईनं पाहिला. "छान झालाय," ते म्हणाले. "दिशा बरोबर आहे. बोर्ड सुलटा आहे. लोकांना फार गरज होती याची. टाक."

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, विष्णूच्या पहिल्या फेरीपासून चौथीपर्यंत, त्यांनी तो व्हिडिओ किती चांगला झालाय हे शाईला सविस्तर सांगितलं.